तीन वर्षांनी डाऊन पेमेंट: एफडी की म्युच्युअल फंड?

"माझ्याकडे 6 लाख आहेत. तीन वर्षांनी फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला लागतील. पगार वर्षाला 9 लाख, नवी करप्रणाली घेतली आहे. एफडीत पैसे सडतात असं सगळे म्हणतात. एफडी करू की म्युच्युअल फंड?"

एफडी करा, सहाच्या सहा लाखांची. का ते सांगतो.

तुमची तारीख ठरलेली आहे आणि ती तुमच्या हातात नाही. बिल्डरचं डिमांड लेटर आलं की ठरल्या मुदतीत पैसे भरावे लागतात, तिथे बाजार सावरेपर्यंत कोणी थांबत नाही. माझ्या पुतण्याने मार्च 2017 अखेरीस निफ्टी इंडेक्स फंडात पैसे टाकले, तीन वर्षांनी फ्लॅटचा शेवटचा हप्ता द्यायचा म्हणून. तेव्हा निफ्टी 9,174 वर होता. 31 मार्च 2020 ला तो 8,598 होता, आणि त्याआधीच्या आठवड्यात तर 7,610 पर्यंत घसरला होता. लाभांश धरला तरी तीन वर्षांनी मुद्दलसुद्धा पूर्ण हाती येत नव्हती. त्याने तोट्यात युनिट विकली आणि उरलेल्या रकमेसाठी पर्सनल लोन काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्देशांक पुन्हा घसरणीआधीच्या उच्चांकावर गेला, पण तोवर याची युनिट विकून झाली होती. फंडात काहीच खोट नव्हती. पैसे लागायची तारीख तेवढी आडवी आली.

आता तुमचा हिशोब. साडेसहा टक्के दर धरला आणि व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवलं, तर 6 लाखांचे तीन वर्षांत साधारण 7 लाख 28 हजार होतात. इक्विटी फंडाने दरवर्षी 11 टक्के दिले असं समजू, म्हणजे 8 लाख 20 हजार. त्यातल्या सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर गेला की सुमारे 8 लाख 8 हजार उरतात. म्हणजे सगळं मनासारखं झालं तर 80 हजार जास्त. आणि 2017 ते 2020 सारखं झालं, तर एफडीपेक्षा सव्वा लाखाहून अधिक कमी. घराचा व्यवहार ज्या रकमेवर अडतो, तिच्यावर मी हा डाव लावणार नाही.

"एफडीचं व्याज करात जातं" हे तुम्हाला फारसं लागूच होत नाही. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. तुमचा पगार आणि वर्षाचं चाळीस-पंचेचाळीस हजार व्याज मिळूनही तुम्ही त्या आतच राहता. इक्विटीच्या नफ्यावरच्या कराला मात्र ही सवलत चालत नाही. व्याज वर्षाला 50 हजारांच्या आत असल्याने बँक टीडीएस कापणार नाही, पण म्हणून ते रिटर्नमधून गाळू नका. बँक माहिती पाठवते आणि ती आयकर खात्याच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये दिसते. पुढे पगार बराच वाढला तर मात्र व्याजावर कर येईल, ते दरवर्षी पाहा.

रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या डेट फंडाचं थोडक्यात. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या युनिटच्या नफ्यावर एफडीसारखाच स्लॅबप्रमाणे कर लागतो, त्यामुळे जुना मोठा फायदा गेला. विकेपर्यंत कर लागत नाही, एवढं शिल्लक आहे. बाजारातले व्याजदर वाढले की एनएव्ही, म्हणजे युनिटची किंमत, खाली येते, आणि खात्रीचा दर तुम्हाला कोणी लिहून देत नाही.

एफडी कशी करायची यात मात्र लोक चुकतात. 6 लाख एकाच बँकेत ठेवू नका. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच आहे. दोन बँका घ्या, तीन-तीन लाख ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी दीड-दीड लाखाच्या दोन पावत्या करा. मध्येच लाखभर लागले तर एकच पावती मोडेल, बाकीच्या चालू राहतील. मोडताना दर तीन वर्षांचा मिळत नाही. जितके दिवस ठेव राहिली तितक्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. समजा एक वर्षाचा दर सव्वासहा होता आणि तुम्ही चौदाव्या महिन्यात मोडली, तर एक टक्का कापून हातात सव्वापाच येईल.

फॉर्म भरताना दोन गोष्टी नीट वाचा. "टॅक्स सेव्हर" एफडी चुकून घेऊ नका, ती पाच वर्षं मोडता येत नाही. आणि मुदत संपल्यावरची सूचना "आपोआप नूतनीकरण" नको, "बचत खात्यात जमा" अशी द्या. मुदत हप्त्याच्या तारखेच्या महिनाभर आधी संपेल अशी ठेवा.