कवितांच्या अकाउंटला एकाच प्रतिमेचं हँडल, शब्द कसा पक्का करायचा?

प्रश्न: मी सेकंड इयरला आहे, नेरूळहून हार्बरने सीएसएमटीला कॉलेजला जाते. छोट्या मराठी कवितांसाठी इन्स्टा अकाउंट काढायचंय. kavita_shabd07 टाइप नाव नकोय, एकच प्रतिमेचा शब्द हवाय. चांदणं, काजवा, उधाण, पागोळी असे चार सुचलेत पण एकही पक्का वाटत नाही. काय बघून ठरवायचं? सोबत तीन कविता पाठवल्यात, तिन्ही ट्रेनमध्ये वाशीच्या पुलावर सुचलेल्या.

उत्तर:

तिन्ही कविता दोनदोनदा वाचल्या. तुझा शब्द या चारांत नाहीये असं माझं मत आहे, तो दुसऱ्या कवितेत आहे, पण त्याकडे येतो, आधी हे चार का अडतायत ते बघू.

हँडल कवितेच्या वर दिसतं, आणि कुणी स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवला तर खाली कोपऱ्यातही दिसतं. म्हणजे वाचणाऱ्यासाठी ते कवितेचा पहिला शब्दही असतं आणि शेवटचाही, आणि हे प्रत्येक कवितेला लागू. आपल्याकडच्या जुन्या टोपणनावांना हा प्रश्न फारसा नव्हता कारण त्यातली बरीच नाती सांगायची. केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा, कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा मोठा भाऊ. ऐकायला फूल वाटतं पण आहे ते नातं, त्यामुळे खाली सही आली तरी कवितेच्या अर्थाला धक्का लागत नाही. तू प्रतिमा घेतेयस, प्रतिमा गप्प बसत नाही, ती प्रत्येक कवितेत थोडी मिसळते. म्हणून माझी पहिली चाचणी अशी की तुझी सगळ्यात दुःखी कविता घे आणि सगळ्यात हलकीफुलकी घे, दोन्हींच्या खाली तो शब्द हाताने लिही आणि सलग वाच. दोन्हीकडे टिकला तर पुढे जायचं.

उधाण इथेच पडतं. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती, त्या शब्दात आवाज आहे, आणि तुझी तिसरी कविता डब्यात शेजारी झोपलेल्या बाईच्या हातातल्या भाजीच्या पिशवीवर आहे, चार ओळींची, एकदम हळू. तिच्याखाली उधाण लिहिलं की कविता बिचारी लहान वाटते. चांदणं उलट्या कारणाने पडतं, ते कशाच्याही खाली चालतं कारण इतकं वापरलं गेलंय की आता त्यातून काही दिसतच नाही. काजवा थोडा बरा, पण अंधारातला छोटा प्रकाश हा त्याचा अर्थ आधीच ठरून गेलाय, वाचणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. पागोळी मला मनापासून आवडला, पण तो कौलाच्या घराचा, पावळीखाली उभं राहून बघायचा शब्द आहे आणि तुझ्या तिन्ही कवितांत ना कौल आहे ना पाऊस. सुंदर आहे म्हणून उचललेला शब्द आणि तुझ्या बघण्यातून आलेला शब्द यातला फरक दहा-बारा पोस्टनंतर वाचणाऱ्याला कळतो, तो सांगू शकत नाही पण कळतो.

आता तुझी दुसरी कविता. त्यात तू लिहिलंयस की पुलाखालच्या चिखलातून बोटं वर आलीयत आणि ती हवा मागतायत. ती बोटं म्हणजे तिवराची मुळं. तिवर म्हणजे आपल्या खाडीतलं ते झाड, सरकारी पाट्यांवर सगळ्याला मिळून कांदळवन लिहितात, पण तिवर हे त्यातल्या एका झाडाचं नाव. खाडीच्या चिखलात हवा नसते म्हणून त्याची मुळं पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि श्वास घेतात, भरती आली की बुडतात, ओहोटीला परत उघडी पडतात. पानं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात, पानाला जीभ लावलीस तर खारट लागेल.

आणि एक गोष्ट तू रोज बघतेस पण कदाचित जोडली नसशील. मुंबईत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, पण वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज तुझी सकाळची गाडी पुलावर आली तेव्हा चिखल आणि मुळं दिसली, तर साधारण आठवड्याने त्याच गाडीतून बरोबर उलटं दिसणार, नुसतं पाणी आणि वर हिरवे शेंडे. गाडी तीच, पूल तोच, दृश्य दोन. असा शब्द मी हँडलसाठी शोधतो, जो वस्तूचं नाव आहे, भावनेचं नाही, आणि ज्याला स्वतःच्याच दोन बाजू आहेत. दुःखी कवितेखाली तिवर लिहिलंस तर बुडालेली मुळं आठवतात, हलक्या कवितेखाली श्वास आठवतो, आणि ज्याला तिवर माहीतच नाही त्याला निदान एक नवा शब्द दिसतो ज्याचा अर्थ कुणी आधीच ठरवून टाकलेला नाही. तुझ्या भाजीच्या पिशवीच्या कवितेखाली लिहून बघितला, छान बसला.

पण शब्द मनात पक्का झाला म्हणजे हँडल झालं असं नाही, कारण इन्स्टाचं युजरनेम देवनागरीत घेता येत नाही, रोमन अक्षरं, आकडे, डॉट आणि अंडरस्कोर एवढंच चालतं, 30 च्या आत. मराठी शब्दांचं अर्ध नुकसान इथे होतं. त, ट दोन्हींना t, ल, ळ दोन्हींना l, न, ण दोन्हींना n. pagoli लिहिलंस की ळ गेला, वाचणारा पागोली वाचेल नाहीतर पगोली. udhan घाईत बघणारा udaan वाचतो आणि विमानाचं अकाउंट समजतो. काजव्याचे तर kajva, kajwa, kaajva, kaajwa असे चार रस्ते फुटतात.

म्हणून चाचणी दोन्ही बाजूंनी घ्यायची. एका मैत्रिणीला फोनवर फक्त शब्द सांग, स्पेलिंग नको, आणि तिला सर्चमध्ये टाईप करून काय टाकलं ते पाठवायला सांग. दुसऱ्या कुणाला नुसतं रोमन दाखव आणि मोठ्याने वाचायला लाव. पहिल्यात कळतं की लोक तुला शोधू शकतील का, दुसऱ्यात कळतं की तुझं नाव कसं घेतील. दोन्हीकडे मराठी न बोलणारी एखादी मैत्रीण पण घे, मुंबईत तुझ्या वाचणाऱ्यांत त्या असणारच.

tivar या चाचणीत कसा उतरतो ते प्रामाणिकपणे सांगतो. पाच अक्षरं, जोडाक्षर नाही, ळ-ण नाही, ही जमेची बाजू. अडचण एक की ऐकून टाईप करणारे काही जण tiwar टाकतील, आणि त्या वाटेवर Tiwari आडनावाची खूप माणसं भेटतील. दुसरं म्हणजे tivar हे कुणी ती वर असंही वाचू शकतं. मला ते खटकत नाही, मुळं चिखलातून वरच येतायत, पण तुला चालतंय का ते तू ठरव. हे आधी माहीत असणं महत्त्वाचं, नंतर कमेंटमध्ये कळायला नको.

आता एवढा छोटा शब्द मोकळा नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा मागे poetry, writes, official, किंवा 07 लावायचा मोह होतो, तो टाळ. जन्मसालाचे आकडे आणि कॉलेजचं नाव तर अजिबात नको, सार्वजनिक अकाउंटवर अनोळखी माणसाला तुझं वय आणि ठिकाण कशाला सांगायचं. त्यापेक्षा त्याच दृश्यातला दुसरा शब्द जोड, म्हणजे प्रतिमा पातळ होण्याऐवजी घट्ट होते. पण जोडताना रोमनमध्ये चिकटून काय तयार होतं ते बघावंच लागतं. मी बसून काही करून बघितले. खारं तिवर चांगलं वाटलं, पण khartivar लिहिल्यावर खारतीवर वाचलं जातं, खारूताईच्या वर काहीतरी. तिवराकाठी तर फार गोड, पण tivarakathi मध्ये लोक कथा शोधतात, ठ हरवतो. कॅपिटल अक्षराने तोडून दाखवू म्हणशील तर इन्स्टा सगळं स्मॉल करून टाकतं. tivarmul मध्ये मूल म्हणजे लेकरू की मूळ हा गोंधळ आहे. शेवटी मला khadi.tivar सगळ्यात स्वच्छ वाटलं, खाडी आणि तिवर, दोन्ही तुझ्या पुलावरचे, डॉटने शब्द वेगळे दिसतात. फक्त khadi वाचून कुणाला कापड आठवेल, पण पुढे तिवर आलं की ते सावरतं, आणि प्रोफाइलला खाडीचा फोटो असला तर प्रश्नच नाही.

एक मर्यादा मात्र. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, डॉट चालत नाही, तिथे अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि जास्तीत जास्त 15. तुला पुढेमागे तिथेही जायचं असेल तर दोन्हीकडे khadi_tivar घे, 11 मध्ये बसतं. अंडरस्कोर बोलून सांगायला जड जातो आणि लिंकखाली रेघ आली की दिसेनासा होतो, पण दोन ठिकाणी दोन नावं असण्यापेक्षा ते परवडलं. फक्त इन्स्टाच ठेवणार असशील तर डॉटच घे.

रोमनने जे काढून घेतलं ते नेमच्या जागी परत मिळतं. युजरनेमच्या खाली जे नाव असतं तिथे देवनागरी चालते आणि सर्चमध्येही ते धरलं जातं, तिथे सरळ तिवर | मराठी कविता असं लिही. ते नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं म्हणून टाईप करताना ऱ्हस्व-दीर्घ तपासून घे. बायोमध्ये तिवराचा अर्थ समजावत बसू नकोस, त्याऐवजी दुसऱ्या कवितेतली ती बोटांची ओळ टाक, अर्थ आपोआप येतो. आणि कवितेच्या चित्रावर कोपऱ्यात देवनागरीत तिवर आणि त्याखाली बारीक अक्षरात हँडल असं दोन्ही ठेव, कारण स्क्रीनशॉट फिरतो तेव्हा टॅग बरोबर जात नाही, चित्रावर जे आहे तेवढंच जातं.

हे सगळं पहिल्या पोस्टच्या आधी कर. युजरनेम नंतर बदलता येतं, पण बदललं की जुन्या नावाची कुठेही दिलेली लिंक तुझ्यापर्यंत येत नाही, आणि तोवर फिरलेल्या चित्रांवर जुनंच नाव राहतं, ते कुणाच्याच हातात नाही.

फोनवाल्या चाचणीत मैत्रिणींनी काय टाईप केलं ते इथे लिही, सगळ्यांनी tiwar टाकलं असेल तर w घेऊन परत बघू. आणि दुसऱ्या कवितेतली शेवटची ओळ काढून टाक असं मला वाटतं, बोटं हवा मागतायत इथे ती पूर्ण झालीय.