प्रोजेक्ट छोटा आहे तर छोटाच लिही

प्रश्न: सर, मी यावर्षी मायक्रोबायोलॉजीत एमएससी झाले. एका लॅबमध्ये रिसर्च असिस्टंटची जागा निघालीय, मातीतल्या बॅक्टेरियांवर काम आहे, कुंडीतले प्रयोगपण आहेत. माझ्याकडे दाखवायला फक्त चार महिन्यांचा एक प्रोजेक्ट आहे, फॉस्फेट विरघळवणाऱ्या बॅक्टेरियांचा. कव्हर लेटर बाबांनी लिहून दिलंय, त्यात 'विस्तृत संशोधन अनुभव' आणि 'शोधनिबंध प्रकाशनाच्या मार्गावर' असं आहे. पेपर अजून लिहायलाही घेतलेला नाही, पण बाबा म्हणतात छोटा प्रोजेक्ट आहे असं सांगितलं तर कोण विचारणार. पत्र आणि प्रोजेक्ट रिपोर्ट जोडलाय. थोडं सुधारून द्याल का?

उत्तर: नाही देणार, कारण ते पत्र तुझं नाहीच. दोनदा वाचलं आणि चार महिने तू नेमकं काय केलंस ते अख्ख्या पानात कुठे कळलं नाही. कष्टाळू, जिज्ञासू, टीममध्ये मिसळणारी, आणि मग ते 'प्रकाशनाच्या मार्गावर'. मला काळजी वाटली ती तिथे. बाबांचा हेतू चांगलाच असणार, त्यांच्या काळात, त्यांच्या क्षेत्रात थोडं फुगवून सांगणं खपूनही गेलं असेल. पण इथे पत्र वाचणारा माणूस त्याच विषयातला आहे. तो चहा पिता पिता सहज विचारेल, कुठल्या जर्नलला पाठवलाय, सोबत नावं कोणाची आहेत? मग काय सांगणार तू? आणि त्याने तुझ्या गाईडना एक फोन केला तर ही जागा तर गेलीच, शिवाय ज्यांच्याकडून पुढची दोन-तीन वर्षं शिफारसपत्रं घ्यायची त्यांच्यासमोर मान खाली. मसुदासुद्धा नसताना ती ओळ खोटी आहे, बाबांना असंच सांग. रागावले तर रागावू देत.

आता बाबांच्या 'कोण विचारणार'बद्दल, कारण हा गैरसमज खूप मुलांमध्येही आहे. रिसर्च असिस्टंट घेताना कोणी तयार शास्त्रज्ञ शोधत नसतं. प्रोजेक्टचा निधी ठरावीक मुदतीचा असतो, प्रमुखाला हवं असतं असं माणूस जे चाळिसावी प्लेट पहिल्या प्लेटसारखीच नीट करेल, लेबल लावेल, वहीत त्याच दिवशी लिहेल आणि काही बिघडलं तर लपवून न ठेवता येऊन सांगेल. मी अशा मुलाखतींना टेबलाच्या पलीकडे बसलोय, दहा तंत्रांची यादी देणाऱ्या मुलाला एक तंत्र नीट विचारलं की 'ते सिनियर करायचे, मी बघितलंय' असं उत्तर यायचं. एक छोटं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेलं असेल तर निदान त्यावर अर्धा तास बोलता येतं.

आणि तुझ्याकडे बोलायला आहे गं! रिपोर्ट मी शेवटपर्यंत वाचला. 9 ठिकाणची माती, त्यातून वेगळे काढलेले 31 बॅक्टेरिया, म्हणजे आयसोलेट्स, आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलेल्या पिकोव्हस्काया अगारवर 7 जणांच्या कॉलनीभोवती फॉस्फेट विरघळल्याचं पारदर्शक वलय. आणि मग मागे परिशिष्टात एक बारकी ओळ, की तिसऱ्या सबकल्चरनंतर, म्हणजे तिसऱ्यांदा नव्या प्लेटवर वाढवल्यावर, त्यातल्या 2 आयसोलेट्सचं वलय दिसेनासं झालं. हे तू परिशिष्टात का दडवलंस? फॉस्फेट विरघळवण्याचा हा गुण वारंवार सबकल्चर केल्यावर काही बॅक्टेरियांमध्ये टिकत नाही हे या कामातल्या लोकांना माहीत आहे, आणि तू तीनदा करून बघितलंस म्हणून तुला ते सापडलं. पहिल्याच प्लेटवर थांबली असतीस तर 7 हा आकडा छान दिसला असता आणि चुकीचा असता. पत्रात 7 वर थांबू नकोस, खरं वाक्य 5 चं आहे.

अजून एक. रिपोर्टमध्ये एका आयसोलेटचा विद्राव्यता निर्देशांक 2.8 दिलायस, पण मोजला कसा ते नाही. कॉलनी 5 मिमी, वलयासकट एकूण व्यास 14 मिमी. काही जण एकूण व्यासाला कॉलनीच्या व्यासाने भागतात, 2.8 येतो, तू तेच केलेलं दिसतंय. पण कॉलनी अधिक वलय भागिले कॉलनी असंही सूत्र छापलेलं असतं आणि तिथे वलय म्हणजे एकूण 14 धरणारे लोक आहेत, मग 19 भागिले 5, म्हणजे 3.8. प्लेट तीच. पत्रात हा आकडा घालूच नकोस, पण मुलाखतीला जाताना हे तोंडपाठ हवं, कारण मी असतो तर हेच विचारलं असतं.

मग पत्रात मधला परिच्छेद साधारण असा यावा, शब्द तुझे घाल:

'एमएससीच्या चार महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये मी 9 माती नमुन्यांतून 31 बॅक्टेरिया वेगळे केले. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असलेल्या अगारवर 7 आयसोलेट्सनी वलय दाखवलं, तीन सबकल्चरनंतर ते 5 मध्ये टिकलं. नमुने गोळा करण्यापासून मोजमापापर्यंतचं काम मी स्वतः केलं. ब्रॉथमधलं फॉस्फेट मोजणं आणि कुंडीतले प्रयोग मी केलेले नाहीत. प्लेटवरचं वलय म्हणजे झाडाला फॉस्फेट मिळेलच असं नाही, आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये नेमकी तीच तपासणी होणार असल्यामुळे मी अर्ज करतेय.'

शेवटची दोन वाक्यं बघ. तुझा प्रोजेक्ट जिथे संपतो तिथून त्यांचा सुरू होतो, आणि हे उगाच जुळवलेलं नाही, विषयाची अडचणच तशी आहे. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आम्लात तसं सहज विरघळतं, मातीत मात्र फॉस्फेट लोह आणि ॲल्युमिनियमसोबतही अडकलेलं असतं, त्यामुळे प्लेटवरचा हिरो कुंडीत काहीच करत नाही असं होतं. हे तुला कळतंय हे दिसलं की 'कुंडीतला अनुभव नाही' हे वाक्य वाचणाऱ्याला खुपत नाही. 'तुमच्या नामांकित संस्थेत' वगैरे मात्र काढ, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी त्या लॅबचा अलीकडचा एक पेपर खरोखर वाच, पद्धतीचा भाग तरी, आणि त्यात एखादी गोष्ट पटली किंवा कळली नाही तर तिच्यावर एक ओळ लिही. नाही वाचला तर ती ओळ सोडून दे, खोटं कौतुक लगेच कळतं.

बाकी पत्र एका पानाच्या आत, सुरुवातीला कुठल्या जागेसाठी आणि कुठून कळलं, शेवटी कधीपासून येऊ शकतेस आणि किती दिवस थांबशील. हे शेवटचं नक्की लिही, मध्येच सोडून जाणाऱ्यांमुळे लॅबवाले वैतागलेले असतात. पीएचडीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास चालू असेल तर तेही सांग, लपवण्यासारखं काही नाही त्यात. गाईडचं नाव संदर्भ म्हणून देण्याआधी त्यांना विचार आणि पत्राची प्रत त्यांना पाठव, ते 'हो, हे खरं आहे' म्हणतील असं प्रत्येक वाक्य हवं.

आणि बाबांना पत्र दाखव, फक्त स्पेलिंग बघायला.