‘४७१ म्हणजे चरबी’ या अफवेला कॅप्शनमधून उत्तर कसं द्यावं?

प्रश्न: दादरला आमचा एगलेस केकचा छोटा ब्रँड आहे. पाकिटावरचं ‘आयएनएस ४७१’ म्हणजे डुकराची चरबी, असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. इन्स्टाग्रामवर खुलासा टाकायचा आहे, पण चिडून लिहिल्यासारखा वाटायला नको. कॅप्शन कशी लिहू?

उत्तर: कॅप्शन लिहायला बसण्याआधी केक जेल पुरवणाऱ्याला फोन करा. एगलेस केकमध्ये ४७१ बहुतेक वेळा या जेलमधूनच येतं. ते घोटलेल्या मिश्रणात हवा धरून ठेवतं आणि केक मऊ ठेवतं. ४७१ म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड्स, तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर. ती पामतेलापासून बनतात, तशीच प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकतात, आणि क्रमांक दोन्हींना एकच. म्हणून ‘४७१ शाकाहारीच असतं’ असं लिहू नका. कुणीतरी पाच मिनिटांत ते खोडून काढेल आणि मग तुमच्या खऱ्या वाक्यावरही विश्वास बसणार नाही. तुम्हाला फक्त तुमच्या जेलमधल्या ४७१ बद्दल बोलायचं आहे.

पुरवठादाराकडून लेखी घ्या: जेलचं नाव, त्यातला प्रत्येक इमल्सिफायर कशापासून बनला आहे, तारीख आणि सही-शिक्का. ‘आमची सगळी उत्पादनं शाकाहारी आहेत’ असं मोघम पत्र चालवून घेऊ नका. पत्र येईपर्यंत खुलासा टाकू नका, कुणी विचारलं तर ‘पुरवठादाराकडून लेखी मागवलं आहे’ एवढंच सांगा. आणि स्रोत प्राणिज निघाला, तर प्रश्न कॅप्शनचा उरतच नाही. त्या पाकिटावर हिरवा ठिपका राहू शकत नाही, विक्री थांबवावी लागेल.

पत्र हातात आलं की असं लिहा:

“आमच्या एगलेस केकमधलं आयएनएस ४७१ पामतेलापासून बनलेलं आहे.
केक मऊ राहावा म्हणून आम्ही केक जेल वापरतो, त्यात हा घटक असतो. तो वनस्पती तेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून बनतो आणि नुसत्या क्रमांकावरून ते कळत नाही, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. आमच्या केकमध्ये प्राणिज चरबी असल्याचा मेसेज फिरतो आहे. ती माहिती चुकीची आहे. जेल पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र तारखेसह पुढच्या फोटोत आहे. तुमच्या पाकिटावरचा बॅच नंबर कळवलात, तर त्या बॅचला कोणतं जेल वापरलं ते नोंदवहीत बघून सांगू.”

यात पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘आणखी’वर बोट न ठेवता लोकांना सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात. तिथे ‘आमच्या केकमध्ये डुकराची चरबी नाही’ असं लिहिलंत, तर लोकलमध्ये उभ्यानं स्क्रोल करणाऱ्याच्या डोक्यात केक आणि डुक्कर हे दोनच शब्द राहतात. म्हणून आधी खरं काय ते, मग अफवेचा एकदाच उल्लेख, तोही सौम्य शब्दांत, आणि लगेच पुरावा. मूळ मेसेजचा स्क्रीनशॉट लाल फुली मारूनसुद्धा टाकू नका. तो कापून पुन्हा फिरवणं फार सोपं असतं.

चिडका सूर ठरावीक शब्दांतून येतो: ‘काही समाजकंटक’, ‘बदनामीचं षड्‌यंत्र’, ‘कायदेशीर कारवाई करू’, ‘इतक्या वर्षांचा विश्वास’. हे सगळं गाळा. मेसेज पुढे पाठवणारी काकू तुमचीच गिऱ्हाईक असते, तिनं घरच्यांच्या काळजीपोटी तो पाठवलेला असतो. शंका साहजिक आहे हे वाक्य तिच्यासाठी आहे आणि ते खरंही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही म्हटलं होतं की घटकाचं नुसतं सांकेतिक नाव पुरेसं नाही, तो वनस्पतिजन्य की प्राणिज हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या छपाईत घटकांच्या यादीत ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द जोडून घ्या.

एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक द्यायला हरकत नाही, पण तो पुरावा म्हणून पुढे करू नका. तुमच्या व्यवसायाची नोंद आहे एवढंच त्यातून कळतं, ४७१ कुठून आलं ते नाही.

बॅचचं वाक्य मात्र तुमची नोंदवही पक्की असेल तरच ठेवा. कोणत्या तारखेला जेलचा कोणता डबा फोडला, हे लिहिलेलं नसेल तर पहिल्याच गिऱ्हाइकापुढे अडकाल.

शेवटची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपची. अफवा तिथे आहे आणि इन्स्टाग्रामची कॅप्शन तिथे पोचत नाही, फोटो पुढे गेला तरी मजकूर मागेच राहतो. म्हणून पहिली ओळ, पुराव्याचं वाक्य आणि तारीख फोटोवरच मोठ्या अक्षरांत छापा. पत्र टाकताना पुरवठादाराची परवानगी घ्या आणि त्यावरचा फोन नंबर झाका. पोस्ट प्रोफाइलवर पिन करून ठेवा, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं की नवा वाद न घालता तिचीच लिंक देता येईल.