ॲक्शन मिनिट्स की डिस्कर्सिव्ह मिनिट्स: तुमच्या कमिटीला कोणते सूट होतील?

प्रश्न: आमच्या कमिटीचे मिनिट्स लिहायचं काम आता माझ्याकडे आलंय. काहीजण म्हणतात फक्त निर्णय आणि कोणी काय करायचं तेवढंच लिही, काहीजण म्हणतात चर्चा पण आली पाहिजे. दोन्हीत नेमका फरक काय आणि आमच्यासाठी कोणतं बरोबर?

उत्तर:

मी बरीच वर्षं वेगवेगळ्या कमिट्यांचं सचिवपद सांभाळलंय आणि हा वाद जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲक्शन मिनिट्समध्ये प्रत्येक विषयाखाली फक्त काय ठरलं, ते कोण करणार आणि कधीपर्यंत एवढंच असतं. तिथपर्यंत कसे पोचलो ते नसतं. डिस्कर्सिव्हमध्ये त्या आधीचा भाग पण येतो, म्हणजे समितीपुढे कोणती माहिती होती, कोणते पर्याय होते, कोणते मुद्दे निघाले आणि शेवटी कोणत्या कारणाने निर्णय झाला. इथे लोकांचा एक मोठा घोळ होतो, त्यांना वाटतं डिस्कर्सिव्ह म्हणजे "हे असं म्हणाले, मग त्या तसं म्हणाल्या" असं सगळं उतरवून काढायचं. तसं नाही. ते शब्दशः नोंद झाली, तो तिसराच प्रकार आहे आणि साध्या कमिटीला त्याची गरज जवळपास कधीच पडत नाही. चांगले डिस्कर्सिव्ह मिनिट्स ४० मिनिटांची चर्चा ५-६ वाक्यात बसवतात आणि बोलले त्या क्रमाने न लिहिता मुद्द्यांच्या क्रमाने लिहितात.

एक उदाहरण घेऊ म्हणजे फरक दिसेल. समजा ११ जणांची कमिटी आहे, इमारतीच्या छताच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशन आलीत. ॲक्शन मिनिट्समध्ये हा विषय असा येईल:

"विषय ४, छताचं वॉटरप्रूफिंग. ब या ठेकेदाराचं कोटेशन बहुमताने मंजूर. सचिवांनी १५ तारखेपर्यंत वर्क ऑर्डर द्यावी."

आणि डिस्कर्सिव्हमध्ये असा:

"विषय ४, छताचं वॉटरप्रूफिंग. तीन कोटेशन समितीपुढे ठेवण्यात आली. एका सदस्यांनी क ठेकेदार आपले नातेवाईक असल्याचं सांगितलं आणि या विषयापुरते ते सभेबाहेर गेले. सर्वात कमी दर अ चा होता, ब चा दर त्यापेक्षा १२ टक्के जास्त आणि क चा सर्वात जास्त. अ ने १ वर्षाची वॉरंटी दिली होती, ब ने ५ वर्षांची. अ ने आधीच्या कामाचे दाखले जोडले नव्हते. अ ला वॉरंटी वाढवता येईल का असं विचारावं अशी सूचना आली, पण मुदत संपल्यावर एकालाच बदल करायची संधी देणं इतरांवर अन्याय होईल म्हणून ती स्वीकारली नाही. ठराव: ५ वर्षांची वॉरंटी आणि कामाचे दाखले लक्षात घेऊन ब चं कोटेशन मंजूर, बाजूने ७, विरोधात २, तटस्थ १. सचिवांनी १५ तारखेपर्यंत वर्क ऑर्डर द्यावी."

आता एक वर्ष पुढे जा. ऑडिटर विचारतो, सर्वात स्वस्त कोटेशन सोडून ब ला काम का दिलं? पहिल्या मिनिट्समध्ये याचं उत्तरच नाही. तोपर्यंत अध्यक्ष बदललेले असतात, दोन सदस्य सोडून गेलेले असतात, मग जे उरलेत ते आठवून सांगतात, प्रत्येकाची आठवण वेगळी निघते, आणि मागाहून सांगितलेली कारणं कितीही खरी असली तरी बनवल्यासारखीच वाटतात. दुसऱ्या मिनिट्समध्ये उत्तर आहे, शिवाय नातेवाईक असलेले सदस्य मतदानाला नव्हते हे पण आहे.

म्हणून निवड करताना मी एकच गोष्ट बघतो, हे मिनिट्स एक वर्षाने कोण उघडणार आणि काय विचारणार. "अमुक काम कोणाकडे होतं?" एवढंच विचारलं जाणार असेल तर ॲक्शन मिनिट्स पुरतात, उलट तेच चांगले. कार्यक्रम समिती, प्रोजेक्टची दर आठवड्याची मीटिंग, छोटा वर्किंग ग्रुप, जिथे तेच लोक सतत भेटतात आणि निर्णय सहज फिरवता येतात, तिथे ३ पानी चर्चा लिहिली तर कोणी वाचत नाही आणि कामं त्यात हरवतात. पण "असं का ठरवलं?" हा प्रश्न येऊ शकतो, तोही बाहेरच्या माणसाकडून, तर कारण लिहिलेलं हवंच. दुसऱ्याच्या पैशाचा खर्च, कोणाला अनुदान किंवा स्कॉलरशिप द्यायची नाही द्यायची, तक्रार आणि शिस्तीची प्रकरणं, नेमणुका, ऑडिट कमिटी, नियमात बदल, हे सगळं या बाजूला येतं. ज्याचा अर्ज नाकारला तो अपील करू शकत असेल तर नुसतं "अर्ज नामंजूर" लिहिणं समितीलाच महागात पडतं.

आणि खरं सांगायचं तर संपूर्ण कमिटीसाठी एकच प्रकार निवडायची गरजच नाही. बहुतेक कमिट्यांसाठी मी हेच सुचवेन की मूळ ढाचा ॲक्शनचा ठेवा आणि अजेंडा बनवतानाच ज्या १-२ विषयांवर "का" विचारलं जाऊ शकतं त्यांच्यावर खूण करा, तेवढे डिस्कर्सिव्ह लिहा. सभेआधीच खूण केली की तुम्हाला कुठे जास्त नोट्स घ्यायच्या ते कळतं, नाहीतर दहा विषय सारख्याच बारकाईने लिहिता लिहिता जो महत्त्वाचा त्याचंच कारण निसटतं.

नावांबद्दल नीट लक्ष द्या. चर्चेत कोण काय बोललं याला नाव लावू नका, "समितीने", "असा मुद्दा निघाला" एवढं बास. एकदा नावं छापायला लागलात की माणसं मिनिट्ससाठी बोलायला लागतात, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना पहिला अर्धा तास "मी असं म्हणालोच नव्हतो" यात जातो. तसं व्हायला लागलं तर समजा तुम्ही चर्चा जास्त लिहिताय. नाव कुठे लावायचं तर अहवाल मांडणारा, सूचक-अनुमोदक लिहायची पद्धत असेल तर ते, हितसंबंध जाहीर करणारा (वरच्या नमुन्यात नाव लिहिलं नाहीये, पण खऱ्या मिनिट्समध्ये त्या सदस्यांचं नाव येईल), आणि आपला विरोध नोंदवा असं स्वतःहून सांगणारा. विरोध नोंदवायला सांगितला असेल तर तो गाळू नका, अध्यक्षांना आवडो न आवडो, कारण उद्या त्या निर्णयाची जबाबदारी निघाली तर त्या माणसाकडे तेवढाच आधार असतो.

ॲक्शन मिनिट्स बिघडलेत हे ओळखणं पण सोपं आहे. "पाठपुरावा करावा", "संबंधितांनी लक्ष घालावं" अशी वाक्यं दिसली की त्यात ना माणूस ना तारीख, आणि ते काम पुढच्या प्रत्येक सभेत तसंच येत राहतं. दुसरी खूण, एकदा ठरलेल्या विषयावर तीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते कारण मागच्या वेळी कोणते पर्याय का नाकारले ते कुठेच लिहिलेलं नाही, तर त्या विषयाला डिस्कर्सिव्ह हवं होतं.

कुठलाही प्रकार घ्या, विषय संपताना अध्यक्षांना थांबवून "मी असं लिहितोय" म्हणून ठराव मोठ्याने वाचून दाखवा आणि खूण केलेल्या विषयात कारणाचं वाक्य पण वाचा. बऱ्याचदा तिथेच कळतं की सगळ्यांनी हो म्हटलं पण प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, आणि ते नीट करायला त्या वेळी २ मिनिटं लागतात. मसुदा दोन-तीन दिवसात अध्यक्षांना पाठवा. आणि कोणता प्रकार वापरायचा हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, पुढच्या अजेंड्यावर छोटा विषय ठेवा, वरच्यासारखे तुमच्याच मागच्या एखाद्या विषयाचे दोन्ही नमुने लिहून दाखवा आणि समितीकडून ठरवून घ्या. मात्र त्याआधी तुमच्या संस्थेची घटना किंवा उपविधी बघा, मिनिट्समध्ये काय असलंच पाहिजे हे तिथे दिलेलं असेल तर तेवढं कमिटीला बहुमताने पण वगळता येत नाही.