‘निर्दोष असाल तर घाबरता कशाला?’

प्रश्न : माझे यजमान पतसंस्थेत रोखपाल आहेत. तिजोरीतून तारणाच्या सोन्याच्या दोन पिशव्या गेल्या. गुन्हा दाखल झालाय, अटक कुणालाच नाही. पोलीस ठाण्यातले साहेब म्हणतात, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करू, लागलं तर नार्कोही. या छापील संमतीपत्रावर सही करा, निर्दोष असाल तर घाबरता कशाला? सही करावी का?

उत्तर : ताई, पोलीस ठाण्यात बसून तर मुळीच करू नका. सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सांगितलं की या तिन्ही चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडलं जाऊ नये, हे संविधानाच्या अनुच्छेद 20(3) मधलं संरक्षण फक्त अटक झालेल्यालाच नाही, चौकशीला बोलावलेल्या संशयितालाही आहे. यजमान नाही म्हणाले, तर त्या नकारातून ‘चोर आहे म्हणून टाळतो’ असा अर्थ न्यायालयात काढता येत नाही. रक्त किंवा बोटांचे ठसे यांची गोष्ट मात्र वेगळी, तिथे हा युक्तिवाद चालत नाही.

संमती कशी घ्यायची तेही ठरलेलं आहे. आधी वकील भेटला पाहिजे. चाचणीचे शरीरावर, मनावर आणि खटल्यावर काय परिणाम होतील हे पोलिसांनी आणि वकिलाने समजावून सांगितलं पाहिजे. आणि संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली गेली पाहिजे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2000 मध्ये पॉलिग्राफसाठी केलेल्या या सूचना न्यायालयाने तिन्ही चाचण्यांना लावल्या. ‘सही करा, नाहीतर आत टाकतो’ हे वाक्य कुणी उघड बोलत नाही, पण ठाण्याच्या खोलीत ते ऐकू येतंच. म्हणून तर न्यायदंडाधिकारी मध्ये आणला.

आता भरवशाचं बोलू. पॉलिग्राफला खोटं कळत नाही. त्याला श्वास, नाडी, रक्तदाब आणि तळहाताचा घाम कळतो. नोकरी आणि अब्रू दोन्ही टांगणीला लागलेल्या माणसाची नाडी ‘पिशव्या तुम्ही काढल्या का?’ या प्रश्नाला वाढणारच. आणि निर्ढावलेल्याची वाढेलच असं नाही.

ब्रेन मॅपिंग तर तुमच्या यजमानांना जास्तच घातक. डोक्याला इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याशी संबंधित शब्द किंवा चित्रं समोर आणतात आणि ओळखीची गोष्ट दिसताच मेंदूत उमटणारी लहर टिपतात. पण पिशवीचा क्रमांक, सोन्याचं वजन, तिजोरीचा कप्पा, हे सगळं रोखपालाला रोजच्या कामातून माहीत असतं! लहर उठली, तर ती चोरीची आठवण की रजिस्टरची, हे यंत्राने सांगायचं कसं? पोलिसांनी चौकशीत जे तपशील आधीच बोलून दाखवले असतील, तेही आता यजमानांच्या ओळखीचेच झाले.

नार्कोत सोडियम पेंटोथाल शिरेतून देऊन माणसाला अर्धवट गुंगीत ठेवतात. त्या अवस्थेत तो बडबडतो, पण विचारणाऱ्याच्या शब्दांमागे वाहवतही जातो. ‘कुणाकडे दिल्या?’ असं विचारलं, तर दिल्याच नाहीत हे सांगण्याऐवजी तो एखादं नाव घेऊ शकतो.

म्हणूनच, स्वखुशीने चाचणी दिली तरी तिचा निष्कर्ष थेट पुरावा म्हणून वाचता येत नाही, कारण उत्तरांवर माणसाचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. मात्र एक दार उघडं आहे आणि नेमकं तेच लोकांना ठाऊक नसतं. स्वेच्छेच्या चाचणीतून मिळालेल्या माहितीवरून पुढे काही वस्तू सापडली, तर ती पुराव्यात येऊ शकते. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम 27, नव्या साक्ष अधिनियमात कलम 23. समजा, गुंगीत यजमानांनी एखाद्या सराफाचं नाव घेतलं, जे त्यांनी कर्मचाऱ्यांच्या कुजबुजीत ऐकलं होतं, आणि सोनं तिथेच निघालं. मग ‘मी फक्त ऐकलं होतं’ हे पटवताना आमच्यासारख्या वकिलांच्या नाकी नऊ येतात.

‘चाचणी देऊन एकदाचं निर्दोष ठरू’ असं यजमानांना वाटत असेल, तर तसं होत नाही. 2025 च्या ‘अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ या निकालानुसार आरोपी स्वतःहून नार्को मागू शकतो, पण तो त्याचा बिनशर्त हक्क नाही. योग्य टप्पा म्हणजे खटल्यात बचावाचा पुरावा देण्याची वेळ, आणि तेव्हाही सगळी परिस्थिती पाहून परवानगी द्यायची की नाही ते न्यायालय ठरवतं. तपासाच्या सुरुवातीलाच अनुकूल अहवाल आला, तरी पोलिसांवर तो बंधनकारक नाही.

तेव्हा वकिलामार्फत तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा : चौकशीला हजर राहू, तिजोरीच्या किल्ल्यांची नोंद आणि हजेरीपत्रक कुठे आहे ते दाखवू, चाचण्यांना मात्र संमती नाही. पोच घ्या. सही आधीच झाली असेल, तर ती मागे घेतल्याचं याच पत्रात लिहा. आणि हजर राहण्याची नोटीस आली तर चुकवू नका. चाचणी नाकारल्याने अटकेला कारण मिळत नाही, नोटीस टाळल्याने मिळतं.