दुकानदार पुणेरी नसला तरी हसू येतं का?

प्रश्न: सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी १० मिनिटांचं प्रहसन लिहिलंय. १ ते ४ दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेरी दुकानदारावरचे विनोद तालमीत पडले, तरुण मंडळी हसलीच नाहीत. ते काढले तर उरतं काय?

उत्तर: तो विनोद अर्धा प्रेक्षकांच्या डोक्यात असतो. भर दुपारी बंद दुकानासमोर जो उभा राहिलाय, त्याला 'एक म्हणजे एक' ऐकून हसू येतं. पण चितळे बंधूंनीही २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. आज विशीत असलेल्यांना हा पुणेकर फक्त फॉरवर्डमधून माहीत आहे. त्यांच्यापुढे उरतो तो उगाच वसकन अंगावर येणारा माणूस. शिवाय प्रेक्षकांतला पुणेकर अशा वेळी ओशाळं हसतो, ते वेगळंच.

संहितेतले 'पुणेरी', 'सदाशिव पेठ' असे शब्द खोडा आणि पुन्हा वाचा. ज्या वाक्याचं हसू गेलं, ते शिक्क्यावरच उभं होतं. ते काढा. घड्याळात वाजत आलेला एक मात्र ठेवा, खरी गंमत त्यातच आहे.

आता दुकानदाराला दुकान बंद करण्याचं त्याचं स्वतःचं कारण द्या. समजा, त्याचं पार्सल येणार आहे आणि घरी कोणी नाही. मोबाइल गल्ल्यात विसरून तो शटर ओढतो, कुलूप लावतो. तेवढ्यात खोकं घेऊन एक मुलगा येतो: "काका, हे देशमुख कुठे राहतात? घराला कुलूप आहे." "आत्ता नाही हो, मला घाई आहे. माझं पार्सल येतंय!" खोक्यावरचं 'देशमुख' ठळक लिहा आणि प्रेक्षकांकडे वळवून धरा. त्याआधी दुकानाच्या पाटीवरही तेच आडनाव दिसू द्या. प्रेक्षकांना आधी कळलं, तरच दुकानदाराच्या प्रत्येक नकाराला हशा येईल. पार्सलची घाई शेवटी उघड केली, तर आधीचे सगळे नकार नुसताच तुसडेपणा वाटतील.

नकार तीनच ठेवा, आणि प्रत्येक वेळी त्याची घाई वाढू द्या. चौथ्यापासून प्रेक्षक पुढे निघून जातात. मग मुलगा वैतागून फोन लावतो आणि रिंग बंद शटरच्या आतून वाजते. इथे दोघांनीही दोन सेकंद हलायचं नाही.

सगळ्यात जास्त घसरण होते ती त्या मुलाच्या बाबतीत. नट आपणहून त्याला परप्रांतीय हेल देतो किंवा बावळट करतो, म्हणजे एक शिक्का काढून दुसरा लावल्यासारखं झालं. मुलगा कामात चोखच हवा. पत्ता शोधत वणवण फिरलाय, आता नियमाप्रमाणे शांतपणे सांगतो, "ओटीपी लागेल." ओटीपी मोबाइलवर, मोबाइल गल्ल्यात. दुकानदार बरोबर एकच्या ठोक्याला शटर वर करतो, आणि वळून बघतो तर मागे गिऱ्हाइकांची रांग.