पीसीआर आधी की जोडणी आधी?

प्रश्न: रिकॉम्बिनंट डीएनए आणि पीसीआरच्या पायऱ्या एकाच क्रमात, नावांसकट कशा लिहू?

पीसीआर आधी लिहा, कारण जोडायला जनुकाच्या भरपूर प्रती लागतात.

(अ) विलगीकरण: ९४° सेल्सिअसला धागे सुटतात.
(आ) प्रायमर जोडणी: साधारण ५५°.
(इ) विस्तार: ७२°, टॅक पॉलिमरेज. अशी ३० चक्रे.
(ई) छेदन: जनुक आणि pBR322 प्लाझ्मिड दोन्ही BamHI नेच कापा, एन्झाइम वेगळे घेतले तर टोके बहुधा जुळत नाहीत.
(उ) लायगेजने सांधा.
(ऊ) ई. कोलायमध्ये घाला.
(ए) निवड: इथेच गुण जातात. BamHI ची जागा प्लाझ्मिडच्या टेट्रासायक्लिन-रोधी जनुकात आहे, आपले जनुक तिथे बसले की ते निकामी होते, पण अँपिसिलिन-रोधी जनुक शाबूत राहते, म्हणून हवी ती वसाहत अँपिसिलिनवर वाढते, टेट्रासायक्लिनवर मरते. दोन्हींवर वाढली, तर प्लाझ्मिड जनुकाशिवाय रिकामाच पुन्हा जोडला गेला.